सुयोग परबची सही

उत्तरा लिमयेचं ऑफिस मुलुंड पूर्वेला, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. पूर्वी तिथे डॉक्टरचा दवाखाना होता, त्यामुळे बाहेरच्या खोलीत अजूनही भिंतीला लागून लांबलचक बाक आहे. त्या बाकावर बसणारे बहुतेक म्हातारे आईबाप असतात आणि त्यांची मुलं परदेशात. मुलांची इथली घरं, त्यांचं भाडं, त्यांची विक्री आणि आलेले पैसे बाहेर पाठवणं, हे सीए म्हणून उत्तराचं रोजचं काम.

सुयोग परबसाठी त्या बाकावर कधी कुणी बसलं नाही, कारण त्याचे आईवडील आता नव्हते. तो मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर आला. पंचेचाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, बोलणं सावकाश. नव्वद फुटी रस्त्याजवळचा फ्लॅट त्याने परदेशी जाण्याआधी स्वतःच्या नावावर घेतला होता. तिथे आईवडील राहायचे. वडील आधी गेले, आई सुगंधाबाई एकवीस सालच्या दुसऱ्या लाटेत गेल्या.

"तेव्हा तुम्ही येऊ शकला होतात?" उत्तराने विचारलं. प्रश्न कामाचा होता. वारसा, कागदपत्रं, सगळं तिथून निघतं.

"नाही. इथून बाहेर पडायलाच परवानगी लागायची तेव्हा. परवानगी आली तोवर सगळं आटोपलं होतं. मग आलोच नाही कधी. घर बंद आहे तेव्हापासून." तो थोडा थांबला. "विकून टाका, मॅडम. पैसे इकडे आले की विषय संपला."

घेणारं जोडपं शौनक आणि श्रुतिका, त्याच गल्लीत भाड्याने राहणारं. उत्तराने त्यांना समोर बसवून समजावलं, की विकणारा अनिवासी आहे, म्हणून नेहमीसारखा एक टक्का कापून चालणार नाही. तुम्हाला कर कापणाऱ्याचा टॅन नंबर काढावा लागेल आणि कर कलम एकशेपंचाण्णवखाली कापावा लागेल. तोही पूर्ण किमतीवर, जोपर्यंत आयकर अधिकारी कमी दराचं प्रमाणपत्र देत नाही तोपर्यंत. "ते नसेल तर सुयोगरावांचे नफ्यावरच्या करापेक्षा कितीतरी जास्त पैसे अडकतील आणि परताव्यासाठी वर्षभर थांबावं लागेल," ती म्हणाली. ते तयार झाले. तिने प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला. जुन्या खरेदीखताचा उतारा, पासपोर्टची सगळी पानं, मागची विवरणपत्रं आणि पत्त्यासाठी वीजबिलं जोडली.

पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याचे प्रश्न आले. पहिले दोन नेहमीचेच होते, किंमत कशी ठरली आणि घर घेताना पैसे कुठून आले. तिसरा वाचून मात्र ती खुर्चीत नीट बसली.

अर्जात घर २०२१ मध्ये अर्जदाराची आई वारल्यापासून बंद असल्याचं म्हटलं आहे. सोबतच्या बिलांप्रमाणे वीज दरमहा वापरली गेली आहे. घर भाड्याने दिलं होतं का? दिलं असल्यास भाडं विवरणपत्रात का नाही? दिलं नसल्यास तिथे कोण राहत होतं? अर्जदार स्वतः राहत असल्यास त्याचं अनिवासी असणं सिद्ध करावं.

तिने बिलं पुन्हा काढली. सुयोगच्या इथल्या एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या, खात्यातून ती आपोआप भरली जात होती, म्हणून कुणी पाहिलीच नव्हती. वापर मोठा नव्हता. एक पंखा, एक दिवा, सकाळी थोडं पाणी तापवणं. एका माणसाला पुरेल इतका, प्रत्येक महिन्यात.

"सहदेवला विचारा," सुयोग फोनवर म्हणाला. "चावी त्याच्याकडे असते. माझा चुलतभाऊ, भांडुपला राहतो. मुखत्यारपत्रही त्याच्याच नावे आहे." त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, आणि ते तिला नंतर फार आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या इमारतीखाली उभी राहिली. सहदेवने तिथेच भेटायचं कबूल केलं होतं. वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक माणूस उभा होता. पांढरा बनियन, दोन्ही हात कठड्यावर, मान थोडी एका बाजूला. आधीच पोचला म्हणायचा हा, असं वाटून तिने हात केला. त्या माणसाने हात केला नाही, पण तो तिच्याकडे बघत होता. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"मॅडम, उशीर झालो काय हो?" मागून आवाज आला. रिक्षातून एक बुटका, घामाघूम माणूस उतरत होता, हातात चावीचा जुडगा. "मी सहदेव परब."

तिने परत वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती.

तिसऱ्या मजल्यावर दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि ते उघडताना सहदेवला दोनदा जोर लावावा लागला. आत कुणी नव्हतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, सुगंधाबाईंची खोली, गॅलरी, दोघांनी सगळं पाहिलं. पण बंद घराला वास असतो, तो तिथे नव्हता. फरशीवर धूळ नव्हती. गॅसजवळ एक पेला पालथा घातलेला होता आणि त्याच्याखाली ओलं वर्तुळ होतं.

"तुम्ही येता ना इथे अधूनमधून?"

सहदेव पुन्हा दारात जाऊन उभा राहिला होता. "मी? मॅडम, मी वर्सात एकदा येतंय. माका हय बरा वाटत नाय." मग त्याने शहरी मराठीचा आधार घेतला. "काकी गेली तेव्हा मी स्वतः तापाने फणफणलेला. घरात सगळे पॉझिटिव्ह. कोण जाणार? मला वाटलं म्युनिसिपालटीवाल्यांनी केलं सगळं. नंतर आलो तर त्या टेबलावर अस्थींचा कलश ठेवलेला, वर फुलं. मला वाटलं सोसायटीवाल्यांनी आणून ठेवला."

समोरचं दार किलकिलं होतं. तिथल्या जानकीकाकू सगळं ऐकत होत्या, आणि त्यांना बोलायचंही होतं. उत्तराने ओळख सांगितल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"सोसायटीवाल्यांनी कशाला आणायला हवा? सुयोग होता की! रोज कोविड सेंटरला जायचा, पेज घेऊन. आत सोडायचे नाहीत तरी जायचा. तोंडावर मास्क, डोक्याला रुमाल, पण मी काय ओळखणार नाही? डोळ्यांसमोर वाढलेला पोर. अग्नीही त्यानेच दिला. किती मुलांनी पाठ फिरवली गं त्या दिवसांत. आम्ही सगळे म्हणायचो, सुगंधाच्या मुलाने नाव राखलं."

"मग नंतर?"

"नंतर राहिला इथेच. बोलत नाही फारसा. नोकरी गेली असेल तिकडची, आपण कशाला विचारायचं?" काकू उत्तराकडे आणि मग सहदेवच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "काय झालं?"

सहदेव तडक जिना उतरून गेला. चावी त्याने दारातच सोडली.

उत्तरा घाबरट बाई नव्हती. कुणीतरी खोटी चावी करून घरात राहतंय, असंच तिने स्वतःला बजावलं. चेहऱ्याचं साम्य, मास्क, काकूंची नजर. पण कुलूप नवीन नव्हतं आणि तुटलेलंही नव्हतं. संध्याकाळी तिने सुयोगला सगळं सांगितलं. ऐकताना स्क्रीनवर त्याची मान थोडी एका बाजूला कलली, आणि तिला गॅलरीतला माणूस आठवला.

"पेज ती खायची," एवढंच तो म्हणाला. "आजारी पडली की दुसरं काही चालायचं नाही तिला."

आयकर अधिकाऱ्यांचं नाव साने. केस पांढरे, बोलणं मऊ, प्रश्न टोकदार. त्यांनी तिला समोर बोलावून घेतलं. तिने सुयोगचा पासपोर्ट, ऑस्ट्रेलियातल्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला, तिथल्या पगाराचे कागद असं सगळं मांडलं. गेल्या सहा वर्षांत भारतात उतरल्याचा एकही शिक्का नव्हता.

"म्हणजे अनिवासी हे ठीक," साने म्हणाले. "भाडं नाही?"

"खात्यात भाड्याचा एक रुपयाही नाही. भाडेकरार नाही. सोसायटीकडे भाडेकरूची नोंद नाही."

"मग राहतं कोण?"

येऊनजाऊन कुणी नातेवाईक राहायचे असं लिहिलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. सहदेवने तशी सहीही दिली असती. पण ते खरं नव्हतं.

"मला माहीत नाही, सर. मी जाऊन आले. घराला कुलूप होतं आणि आत कुणी नव्हतं. शेजारी म्हणतात, मालकच राहतो."

साने हसले नाहीत. "तसंच लिहून द्या. घर भाड्याने दिलं नाही, अर्जदार भारतात नव्हता, वीज कुणी वापरली ते अर्जदाराला ठाऊक नाही. करासाठी मला तेवढं पुरतं." फाइल मिटताना ते हळूच म्हणाले, "आमचीही आई त्याच महिन्यात गेली. मी इथे मुंबईत होतो, आणि तरी पोचलो नाही."

प्रमाणपत्र आलं. शौनक-श्रुतिकाने त्यातल्या दराने कर कापला, सरकारजमा केला, चलन दाखवलं. सहदेवने मुखत्यार म्हणून सही केली आणि खरेदीखत नोंदलं गेलं. उरलेली रक्कम सुयोगच्या एनआरओ खात्यात पडली. ताबा देताना सहदेव खालीच थांबला, वर उत्तरा गेली. सुगंधाबाईंच्या खोलीतली खिडकी सताड उघडी होती. नव्या मालकांनी रंग लावायला घेतला, आणि जानकीकाकूंनी कळवलं की आता तिथे कुणी दिसत नाही. उत्तराने सुटकेचा श्वास सोडला.

आता राहिलं होतं पैसे पाठवणं. ते ठरल्या वाटेने व्हायचं. तिने चलन, कापलेला कर आणि मिळालेलं प्रमाणपत्र ताडून पाहिलं. आयकर खात्याच्या पोर्टलवर पंधरा-सीबी, म्हणजे सीएचा दाखला, भरून त्यावर आपली डिजिटल सही केली. सुयोगने तिकडून त्याच्या लॉगिनमधून पंधरा-सीए, म्हणजे पैसे पाठवणाऱ्याचा फॉर्म, भरला. राहिलं बँकेचं डिक्लरेशन. हे पैसे माझे स्वतःचे आहेत, माझं घर विकून आले आहेत, कर भरला आहे, कुणाकडून उसने घेतलेले नाहीत, यंदाच्या वर्षात बाहेर पाठवायची मर्यादा मी ओलांडत नाही. त्यावर सुयोगने मेलबर्नला सही केली आणि कागद कुरियरने पाठवला. उत्तराने तो स्टेशनजवळच्या शाखेत नेऊन दिला.

दोन दिवसांनी शाखेतल्या जान्हवीचा फोन आला. ती परदेशी पैशांचं काम बघायची. तरुण, चटपटीत, उत्तराची रोजची ओळख.

"मॅडम, परबांची केस होल्डवर टाकलीय. सही जुळत नाही ना."

"पंधरा वर्षांपूर्वीची सही आहे गं तुमच्याकडे. बदलते माणसाची."

"तेवढंच असतं तर मी व्हिडिओ कॉल करून घेतला असता, यार. पण सर स्वतः येऊन सांगून गेले ना, की इतक्यात पाठवू नका."

"कोण सर?"

"परब सर. काल दुपारी. फोटो जुळवला मी सिस्टिममधला, तेच. म्हटलं, लिहून द्या. कागद दिला, पेन दिलं. पेन हातात धरून किती वेळ बसले. मग उठून गेले. बरे नव्हते का ते? मी पाणी दिलं, ते प्यायलेच नाहीत."

उत्तराने फोन ठेवला आणि परबांची फाइल काढली. घर गेलं, म्हणून तो बँकेत आला. दुसरं काय म्हणायचं? तिचा दाखला खरा होता. कर, रक्कम, कलम, सगळं बरोबर. पण डिक्लरेशनमधलं पहिलंच वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. हे पैसे माझे स्वतःचे आहेत. माझे म्हणजे कुणाचे?

तिने सुयोगला फोन लावला. "तुम्हाला यावं लागेल. बँकेला माणूस समोर हवा."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दिशा, म्हणजे माझी बायको, किती वर्षं सांगतेय, जाऊन ये एकदा. मॅडम, खरं सांगू? आई गेली तो फोन आला तेव्हा मी बूट घालत होतो. परवानगी नव्हती, तिकीट नव्हतं, तरी बूट घालत होतो. मग कुठे जाणार? तिथेच जमिनीवर बसलो. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. उठून चालायला लागलो तरी मागे काहीतरी राहिल्यासारखं वाटतं."

पुढच्याच आठवड्यात तो आला. विमानतळावरून थेट उत्तराच्या ऑफिसात. आई गेल्यानंतरचा त्याचा भारतातला पहिला दिवस. दोघं चालतच बँकेकडे निघाले. सकाळचे अकरा वाजायला आले होते, रस्ताभर भाजीवाले, शाळेच्या बसेस, दुकानांची शटरं वर जात होती. सुयोग सगळ्याकडे नवख्यासारखा बघत होता.

शाखेच्या काचेच्या दाराशी जान्हवी उभी होती. त्यांना पाहून तिचा चेहरा गोंधळला. "सर, तुम्ही बाहेर कधी गेलात? आत्ता तर…" तिने मागे वळून पाहिलं.

आत, काउंटरसमोरच्या खुर्च्यांच्या रांगेत, भिंतीकडच्या टोकाला एक माणूस पाठमोरा बसला होता. पांढरा सदरा, मान एका बाजूला कललेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. बँकेत बरीच माणसं होती, पण त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं.

उत्तराने सुयोगचा दंड धरला. "नको जाऊ," ती म्हणाली. अहो-जाहो विसरून.

"त्याने तिची सगळी कामं केली, मॅडम. मी त्याला भेटायला नको?"

तो आत गेला आणि त्या मोकळ्या खुर्चीवर बसला. दोन पाठी शेजारी शेजारी. एकाच मापाचे खांदे, एकसारख्या कललेल्या माना. ते बोलत होते का, ते काचेतून कळत नव्हतं. एकदा पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाने हात उचलून सुयोगच्या पाठीवर ठेवला. पासबुक भरायला आलेले एक आजोबा काठी टेकत मधून गेले. ते पुढे सरकले तेव्हा खुर्चीवर एकच माणूस होता.

जान्हवीने उत्तराचा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. "मॅडम, मी कॅमेरे बघणार नाही हं," ती कुजबुजली. "मला नाही बघायचं."

सुयोग ओंजळीत तोंड खुपसून रडत होता. अनोळखी लोकांत पुरुष रडतात तसं आवाज दाबून नाही, लहान मुलासारखं मोकळं. लोक वळून पाहू लागले. शिपायाने पाणी आणलं, आणि तो ते घटाघटा प्यायला.

मग त्याने नवं डिक्लरेशन मागितलं. जान्हवीच्या समोर बसून, तिने सांगितलं तिथे सही केली. जान्हवीने सिस्टिममधली जुनी सही उघडली, दोन्हींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पहिल्या अक्षराच्या वळणापासून शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत सही जुळत होती.

"पाठवू ना, सर?" तिने विचारलं.

"पाठवा," सुयोग म्हणाला. "तो आता नाही म्हणणार नाही."

पैसे दोन दिवसांत मेलबर्नला पोचले. सुयोग त्याच आठवड्यात परत गेला. जाण्याआधी जानकीकाकूंना भेटून आला, पण काकूंना काय म्हणाला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उत्तराने फाइलवर काम संपल्याची नोंद केली आणि कपाटात ठेवून दिली. अशा गोष्टी विसरता येत नाहीत. पण मार्च आला की सगळ्याच गोष्टी मागे पडतात.

पावसाळ्यात एका दुपारी परदेशी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज. "मी दिशा, सुयोगची बायको. तुम्हाला त्रास देतेय, पण दुसऱ्या कुणाला विचारू कळेना."

"बोला ना."

"तो चांगला आहे. म्हणजे खूपच चांगला आहे. रात्रभर झोपतो. मुलाला शाळेत सोडतो, हसतो. पण काल जेवताना आईंबद्दल बोलायला लागला. वॉर्डात बाजूच्या खाटेवरच्या बाई रात्रभर मुलीला हाका मारायच्या, म्हणून आईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता म्हणे. शेवटच्या दिवशी याला आत सोडलं, तेव्हा आईंनी याच्याकडे कंगवा मागितला, आणि याने त्यांची वेणी घातली. तीन पेडांची, घट्ट. हे सगळं तो असा सांगत होता की… ताई, तो तेव्हा माझ्यासमोर होता. या घरात, या जमिनीवर बसलेला. मी त्याच्या पायातले बूट काढले होते. मग वेणी कुणी घातली?"

उत्तराच्या समोर बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन, मुलाच्या फोनची वाट बघत. तिने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आवाज हळू केला.

"तुम्हाला भीती वाटते त्याची?"

तिकडे मागून कुणीतरी शीळ घालत भांडी विसळत असल्याचा आवाज येत होता.

"नाही," दिशा शेवटी म्हणाली. "तेच विचित्र आहे. आधी वाटायची. आता नाही वाटत."

"मग त्याला सांगू द्या," उत्तरा म्हणाली. "जे आठवतंय ते सगळं. तुम्ही फक्त ऐका."